मलयाळमची मात्रा आणि मराठी कान

पुलि म्हणजे बिबट्या आणि पुळि म्हणजे चिंच. कल्ल् म्हणजे दगड आणि कळ्ळ् म्हणजे माडी. ऎल्ल् म्हणजे हाड, तर ऎळ्ळ् म्हणजे तीळ. मलयाळमच्या पहिल्या धड्यात अशा जोड्या भेटल्या की हिंदी मातृभाषा असलेला विद्यार्थी अडखळतो, कारण प्रमाण हिंदीत ळ नाही आणि नसलेला वर्ण कानाला सहजी सापडत नाही. मराठी विद्यार्थ्याला इथे काहीच शिकवावं लागत नाही. काल आणि काळ, गाल आणि गाळ, चाल आणि चाळ यांतला फरक तो बोलायला लागला तेव्हापासून करत आला आहे. न आणि ण यांचंही तेच. शिवाय क-ख-ग-घ-ङ ही वर्णमालेची रांग त्याला पाठ असते, आणि मलयाळमची छत्तीस व्यंजनं थेट याच क्रमाने उभी असतात. आपली बाराखडी येत असली की मलयाळमची बाराखडी कुठून कुठे जाणार, हे आधीच ठाऊक असतं.

म्हणून मलयाळम शिकू पाहणारा मराठी माणूस पहिले काही दिवस खुशीत असतो. अवघड म्हणून त्याला ज्या अक्षराची धास्ती घातलेली असते, ते म्हणजे ऴ. पाऊस म्हणजे मऴ, नदी म्हणजे पुऴ, वाट म्हणजे वऴि, यांतलं शेवटचं व्यंजन. त्याचा उच्चार शब्दांत सांगता येतो. ळ म्हणण्यासाठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूकडे न्यायचं, पण टाळूला लावायचं नाही. जीभ कुठेच न टेकता तशीच मागे वळलेली ठेवून आवाज सोडायचा. टेकली की ळ होतो, सरळ राहिली की य होतो. खुद्द केरळच्या उत्तर भागात अनेक जण बोलताना त्याचा य करतात. आपल्या शहराचं नाव कोऴिक्कोड असलं तरी तिथल्या बोलीत ते कोयिक्कोड होतं. तेव्हा परक्याचा ऴ थोडा हुकला तर कुणी अडून बसत नाही, संदर्भाने समजून घेतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती अक्षरओळखीत दिसत नाही. मलयाळम ही लांबी मोजणारी भाषा आहे. स्वर किती वेळ धरला, व्यंजन किती वेळ दाबून ठेवलं, यावर तिथे शब्दाचा अर्थ ठरतो. मराठी कान नेमका याच बाबतीत बेसावध आहे.

आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ नाहीत असं नाही. शाळेत त्यांच्यापायी गुण गेले नाहीत असा माणूस विरळा. पण ते लेखनातले आहेत. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलं’ ऱ्हस्व, हे नियमाने ठरतं. शब्दात जागा बदलली की इकार-उकाराची लांबी बदलते. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द कागदावर वेगळे दिसतात, पण कुणी बोलले तर आपण लांबीवरून नव्हे, वाक्यावरून ओळखतो. अ आणि आ मात्र आपण पक्के वेगळे करतो, पण तेही मुख्यतः लांबीने नाही. मराठी अ म्हणताना तोंड अर्धवट उघडतं, आ म्हणताना पूर्ण उघडतं. आवाजाची जातच बदलते, म्हणून लांबी मोजायची वेळ येत नाही. मलयाळममध्ये अ आणि आ यांच्या आवाजाची जात बरीचशी एकच असते. फरक असतो तो वेळेचा. कलम् म्हणजे मडकं आणि कालम् म्हणजे काळ. मल म्हणजे डोंगर आणि माल म्हणजे माळ, गळ्यात घालायची. मुडि म्हणजे केस आणि मूडि म्हणजे झाकण. हे सगळे रोजचे शब्द आहेत, शब्दकोशात शोधून काढलेले नाहीत.

यापुढचा टप्पा आहे ए आणि ओ यांचा. संस्कृतात हे दोन्ही स्वर दीर्घच, आणि देवनागरी संस्कृतच्या हिशेबाने घडलेली, त्यामुळे आपल्या वर्णमालेत त्यांना एकेकच अक्षर आहे. मलयाळममध्ये मात्र दोन ए आहेत आणि दोन ओ आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. कॊडि म्हणजे झेंडा आणि कोडि म्हणजे कोटी. कॆट्टु म्हणजे विझलं किंवा बिघडलं, तर केट्टु म्हणजे ऐकलं. दिवा विझला हे सांगताना ए जरा लांबला, तर दिव्याने काहीतरी ऐकलं असं होऊन बसतं.

देवनागरीत यासाठी सोय नाही असं वाटेल, पण आहे. युनिकोडच्या देवनागरी विभागात ऎ आणि ऒ ही अक्षरं द्राविड भाषांतले ऱ्हस्व स्वर लिहिण्यासाठीच ठेवलेली आहेत, त्यांच्या मात्रांसकट. या लेखात वर ऎल्ल् आणि कॊडि लिहिले ते याच अक्षरांनी. फक्त एक सावधगिरी हवी. मराठी वाचकाला ही अक्षरं पाहून ‘बॅट’मधला ॲ किंवा ‘बॉल’मधला ऑ आठवतो. इथे तो उच्चार नाही. आपलाच ए, फक्त झटकन सोडलेला. ‘एक’ म्हणताना ए थोडा रेंगाळतो. त्याला रेंगाळू न देता पुढच्या व्यंजनावर उडी घेतली की ऎ मिळतो.

मलयाळम लिपीत या चारही स्वरांच्या खुणा अक्षराच्या डाव्या बाजूला येतात. आपल्याकडे फक्त पहिली वेलांटी अक्षराआधी बसते. मलयाळममध्ये ऱ्हस्व ए, दीर्घ ए आणि ऐ आधी लिहायचे आणि मग व्यंजन. ओकाराची खूण तर दोन तुकड्यांची. एक तुकडा व्यंजनाच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, मधे व्यंजन. ऱ्हस्व आणि दीर्घ ओकारात उजवा तुकडा सारखाच असतो, फरक डाव्या तुकड्याच्या आकारात असतो. ऱ्हस्वाला साधं वळण आणि दीर्घाला वरून आणखी एक वळसा. नव्याने वाचणारा उजवीकडची कान्यासारखी खूण पाहून ‘हा आ’ असं म्हणून मोकळा होतो आणि कॊडिचं काहीतरी भलतंच वाचतो. डावीकडे नजर टाकल्याशिवाय स्वर वाचायचा नाही, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी लागते.

आता व्यंजनांची लांबी. द्वित्त मराठीला नवं नाही. खडा आणि खड्डा, पता आणि पत्ता, पटा आणि पट्टा. पण मराठीत अशा जोड्या मोजक्या आहेत आणि घाईत बोलताना द्वित्त थोडं सैल पडलं तरी फारसं बिघडत नाही. मलयाळममध्ये पानापानावर द्वित्त आहे. कुडि म्हणजे झोपडी, आणि पिणंही. कूडि म्हणजे सुद्धा, सोबत. कुट्टि म्हणजे मूल. तीन शब्द, आणि तीन ठिकाणी वाटलेली लांबी.

ज्यांनी शाळेत वृत्तं शिकली असतील त्यांना हे पटकन उलगडेल. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरू. या हिशेबाने कुडिचं पहिलं अक्षर लघू, कूडि आणि कुट्टि या दोन्हींतलं पहिलं अक्षर गुरू. म्हणजे कूडि आणि कुट्टि यांना लागणारा वेळ सारखाच आहे, फक्त तो वेळ कुठे घालवायचा हे वेगळं आहे. कूडिमध्ये तो स्वरावर जातो, तोंड उघडं राहतं. कुट्टिमध्ये उ झटकन संपतो आणि जीभ टाळूला टेकून क्षणभर थांबते. त्या थांबण्यात आवाज नसतो. ती शांतता मोजायची आणि मग जीभ सोडायची. मराठी माणूस बहुतेक वेळा काय करतो, तर थांबा अर्धा ठेवतो आणि राहिलेला वेळ भरून काढण्यासाठी स्वर लांबवतो. मलयाळी श्रोत्याला मग ना धड मूल ऐकू येतं, ना धड सुद्धा.

केट्टुसारख्या शब्दात तर दोन्ही लांब असतात, स्वरही आणि व्यंजनही. मराठीत अशी रचना क्वचितच येते, म्हणून एक तरी आखडला जातोच. मम्मूट्टि या नटाचं नाव मराठी वर्तमानपत्रांत कधी मामुट्टी तर कधी ममूटी असं छापून येतं. मूळ नावात म दाबलेला आहे पण त्याआधीचा अ ऱ्हस्व आहे, ऊ दीर्घ आहे आणि त्यापुढचा ट पुन्हा दाबलेला आहे, आणि शेवटची इ ऱ्हस्व. मामुट्टी लिहिणाऱ्याने म्मची लांबी आधीच्या आकाराला देऊन टाकली आणि ऊची लांबी काढून घेतली. ममूटी लिहिणाऱ्याने दोन्ही द्वित्तं गमावली. चूक मनमानी नाही. मराठी कानाची लांबीशी जी तडजोड चालते, तीच इथे कागदावर उतरलेली आहे.

द्वित्ताची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कळल्याशिवाय लिपी नीट वाचता येत नाही. वर आपण कुडि, कूडि, मुडि लिहिलं. मलयाळम लेखनात तिथे ड नसतो, ट असतो, कुटि, कूटि, मुटि. नियम असा, की मलयाळमच्या स्वतःच्या शब्दांत एकटा क, ट, त किंवा प दोन स्वरांच्या मधे आला की मऊ पडतो. ट जवळपास ड होतो, क जवळपास ग होतो. मगन् म्हणजे मुलगा, पण लिहायचं मकन्. नाकातल्या वर्णापुढेही हेच होतं. देऊळ म्हणजे अंबलम्, लेखनात मात्र म पुढे प, ब नव्हे. द्वित्त आलं की वर्ण कडकच राहतो. मकन्चं अनेकवचन मक्कळ्, मुलंबाळं, आणि तिथे क्क खणखणीत क्क आहे. म्हणून मलयाळी माणसाच्या दृष्टीने एकेरी आणि दुहेरी यांत दोन फरक असतात, वेळेचा आणि कडकपणाचा. हा दुसरा फरक मराठी विद्यार्थ्याच्या उपयोगाचा आहे. लांबी हुकली तरी ड आणि ट्ट वेगळे राहिले, तर समोरच्याला शब्द सापडतो. संस्कृतातून आलेल्या शब्दांत ग, ड, द, ब आपापल्या अक्षरांनी लिहिले जातातच, त्यामुळे लिपीत ती अक्षरंही आहेत. कुठला शब्द घरचा आणि कुठला संस्कृत, हे मराठी माणसाला बऱ्याचदा आपोआप ओळखू येतं, आणि तो त्याचा मोठा फायदा आहे.

द्वित्त व्याकरणातही काम करतं. मराठीत तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे अशा जोड्या आहेत. आपोआप होणारी क्रिया एक आणि कुणी केलेली क्रिया दुसरी. मलयाळममध्ये असंच काम बऱ्याच धातूंत द्वित्ताने होतं. कूडुग म्हणजे वाढणं, एकत्र येणं. कूट्टुग म्हणजे वाढवणं, मिळवणं, गणितातली बेरीज करणं. आडुग म्हणजे झुलणं आणि आट्टुग म्हणजे झुलवणं. समासातही तेच. ती म्हणजे आग, पॆट्टि म्हणजे पेटी, आणि काडेपेटी म्हणजे तीप्पॆट्टि. जोडताना प आपसूक दुहेरी झाला. कै म्हणजे हात, तऱि म्हणजे माग, हातमाग म्हणजे कैत्तऱि. पण हातपाय म्हणायचं असेल, तर कै आणि काल् जोडून नुसतं कैकाल्, तिथे द्वित्त होत नाही. कारण हातमागात हात हा मागाचं विशेषण आहे, हातपायांत दोघे बरोबरीचे आहेत. समास द्वंद्व आहे की नाही हे कानाला एका द्वित्तावरून समजतं, याचं कुठल्याही भाषाप्रेमी माणसाला कौतुक वाटावं.

इथपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला आता कुट्टिकडे पुन्हा पाहावं लागतं, कारण मलयाळममध्ये तो एक शब्द नाही, दोन आहेत. आणि शेजारी तिसराही आहे. कुत्ति म्हणजे भोसकलं, टोचलं. कुट्टि म्हणजे मूल. या दोन्हींच्या मधे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर टेकवून म्हटलेला एक शब्द आहे, त्याचा अर्थ खुंटी, खुंट. त आणि ट यांच्या मधला हा तिसरा वर्ण मराठीत नाही. इंग्रज माणूस ‘टेबल’ म्हणताना जो ट म्हणतो, तो जवळपास हाच. आपण तो ऐकला की त्याचा ट करून टाकतो, म्हणून इंग्रजी शब्दांतले ट आपल्याकडे सगळे ठाशीव झाले. मलयाळममध्ये तसं केलं की खुंटीचं मूल होतं.

हा उच्चार करून पाहायला आरसा घ्यावा. त्त म्हणताना जिभेचं टोक दातांच्या फटीत पुसटसं दिसतं. ट्ट म्हणताना ते वळून मागे जातं आणि जिभेची खालची बाजू दिसते. मधला वर्ण म्हणताना दोन्ही दिसू नये. जीभ सरळ, टोक हिरडीवर, आणि द्वित्त असल्यामुळे तिथेच क्षणभर मुक्काम.

लिपीत या वर्णाला रोजच्या वापरात स्वतःचं अक्षर नाही. तो लिहितात दोन ऱ एकत्र ठेवून. मलयाळममध्ये र दोन आहेत. एक साधा, जीभ एकदाच हलकी लागते तो. दुसरा ठसक्यात थरथरणारा. करि म्हणजे काजळी, कोळसा. कऱि म्हणजे कालवण, ज्याला जग करी म्हणतं. थरथरणाऱ्या ऱचं अक्षर कमानीसारखं असतं. एकच कमान असेल तर ऱ वाचायचा. कमानीखाली कमान असेल, तर ऱ्ऱ असं काही वाचायचं नाही, तो मधला ट्ट. माऱुग म्हणजे बदलणं. त्याचं द्वित्त होऊन बदलवणं हा अर्थ येतो, आणि लिहिताना दोन ऱ असले तरी उच्चार होतो माट्टुग, या मधल्या टने. ‘माझं’ या रोजच्या शब्दातही हीच गंमत आहे. अक्षरं वाचली तर ऎन्ऱॆ, बोलायचं ऎन्टॆ. हा शब्द इतका वारंवार येतो, की तो चुकीचा वाचणारा विद्यार्थी एका मिनिटात ओळखू येतो.

ऱ हे अक्षर मराठीला परकं नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या, यांत फरक दाखवायला आपण जो अर्धा ऱ वापरतो, तो संगणकावर याच ऱपासून तयार होतो. युनिकोडने द्राविड र आणि मराठीचा हा अर्धा र एकाच अक्षरावर बसवले आहेत. उच्चार मात्र एक नाहीत. दऱ्यामधला र थरथरत नाही, उलट पुढच्या यमध्ये विरघळतो.

नाकातल्या वर्णांची कथा यापुढची. मराठीत न, ण, म हे तीन आपण स्पष्ट वेगळे म्हणतो. ङ आणि ञ वर्णमालेत पाठ केलेले असतात, पण शब्दांत एकटे क्वचित भेटतात. मलयाळममध्ये हे पाचही द्वित्त होऊन शब्दात येतात, आणि त्यावर सहावा आहे, तो हिरडीवरचा न. पन्नि म्हणजे डुक्कर, त्यातला न्न दातांवरचा. कन्नि म्हणजे कुमारिका, त्यातला न्न हिरडीवरचा. दोन्हींसाठी लिपीत एकच अक्षर. व्याकरणकारांनी हिरडीवरच्या न आणि ट या दोन्हींसाठी स्वतंत्र अक्षरं वापरली आणि ती युनिकोडमध्येही आहेत, पण सर्वसाधारण लेखनात रुळली नाहीत. एक सोपा नियम कामी येतो. शब्दाच्या सुरुवातीचा न दातांवरचा असतो आणि दोन स्वरांमधला एकेरी न हिरडीवरचा, जसा आन म्हणजे हत्ती या शब्दात. दुहेरी न कुठला हे मात्र शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं.

शब्दाच्या शेवटी मराठी माणसाची आणखी एक सवय आड येते. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शेवटचा अ गिळायचा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. मलयाळममध्ये लिहिलेला अ नेहमी उच्चारला जातो. मल म्हणजे डोंगर, तो म-ल असा पूर्ण म्हणायचा. अ नको असेल तर लिपी तसं स्पष्ट सांगते, आणि दोन पद्धतींनी सांगते. न, ण, र, ल, ळ या पाच वर्णांना अ-विरहित अशी खास अक्षरं आहेत, त्यांना चिल्लु म्हणतात. अवन् म्हणजे तो आणि अवळ् म्हणजे ती. इतर व्यंजनांवर शेवटी चंद्रकोरीसारखी खूण येते, तिचं नाव चंद्रक्कल. ती आपल्या हलन्तासारखी दिसते, पण शब्दाच्या शेवटी तिचा अर्थ निव्वळ हलन्त नाही. तिथे एक अर्धवट, ओठ न गोल करता म्हटलेला उ असतो. वर दगडासाठी कल्ल् लिहिलं, त्याच्या शेवटी हा अर्धा उ आहे. तो पूर्ण उ होऊन चालत नाही. वन्नु म्हणजे आला, वाक्य संपलं. वन्न्, अर्ध्या उने, म्हणजे येऊन, वाक्य पुढे चालू. ऐकणारा त्या एका अर्ध्या स्वरावर ठरवतो, की आता बोलायची पाळी आपली की अजून त्याचीच.

अक्षरांच्या आकाराची फार भीती बाळगायला नको. ती गोल आहेत, शिरोरेषा नाही. ताडपत्रावर लोखंडी कोरणीने लिहिताना आडवी सरळ रेघ ओढली तर पान रेषेत फाटतं, म्हणून वळणं आली, असं त्याचं कारण सांगितलं जातं. काही अक्षरं ओळखीचीही निघतात. आपला ठ म्हणजे खाली वर्तुळ आणि वर दांडी. मलयाळमचा ठ म्हणजे नुसतं पूर्ण वर्तुळ. जुनी पुस्तकं हातात घेतली तर मात्र गोंधळ होतो, आणि तो वाचकाचा दोष नाही. पूर्वी उकार वेगवेगळ्या व्यंजनांना वेगवेगळ्या आकारांत चिकटत असे. टंकलेखनयंत्रात आणि छापखान्यात इतके आकार मावेनात, म्हणून केरळ सरकारने १९७१ मध्ये लिपी सुधारली. उकार सुटा झाला, बरीच जोडाक्षरं चंद्रक्कल घालून फोडली गेली. द्वित्तं मात्र बहुतेक जोडलेलीच राहिली. क्क, त्त, प्प, ट्ट, ल्ल, ळ्ळ या प्रत्येकाला अजूनही एक जोडआकार आहे, आणि च्च, य्य, व्व यांच्याखाली छोटा त्रिकोण येतो. मलयाळम लिपी शिकताना सुट्या अक्षरांनंतर लगेच ही डझनभर द्वित्तं शिकावीत. बाकीची जोडाक्षरं हळूहळू येतात, पण द्वित्तांशिवाय दुकानाची एक पाटी वाचता येत नाही.

आता हे सगळं ज्ञान एका शब्दावर लावून पाहू. मराठी वर्तमानपत्रांत एका जिल्ह्याचं नाव अलप्पुझा असं छापलं जातं. ते इंग्रजी अक्षरांवरून आलेलं आहे. इंग्रजीत पहिला A ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. मराठीने तो ऱ्हस्व धरला. मलयाळममध्ये तो दीर्घ आहे, आ. प्प बरोबर आला. zh ही जोडी केरळात ऴसाठी वापरतात. मराठीने तिचा झ केला, आणि मलयाळममध्ये झ संस्कृत शब्दांपुरताच, तोही विरळा. शेवटचा a मुळात ऱ्हस्व अ आहे, पण मराठीत नुसता अ लिहिला तर गिळला जाणार, म्हणून आ केला. परिणाम असा, की दीर्घ होता तिथे ऱ्हस्व आला आणि ऱ्हस्व होता तिथे दीर्घ. मूळ नाव आलप्पुऴ. पलक्कडचंही तसंच. मूळ शब्दात पहिला पा दीर्घ आहे आणि क्कापुढचाही आ दीर्घ, पालक्काड. कोट्टायममध्ये उलट झालं, नसलेला आ आला. मूळ कोट्टयम्. कोझिकोडमधला क तर इंग्रजीनेच एकेरी केला, मूळ कोऴिक्कोडमध्ये तो दुहेरी आहे.

व्यक्तींच्या नावांतही हाच घोटाळा होतो. केरळात त लिहायला th वापरतात, कारण नुसता t त्यांनी टसाठी राखून ठेवला आहे. म्हणून Geetha ही गीता असते आणि Latha ही लता. गीथा आणि लथा असं मराठीत लिहिणं ही सरळ चूक आहे.

मराठीने या बाबतीत पूर्वी चांगला पायंडा पाडलेला आहे. हिंदी केरल लिहिते, आपण केरळ लिहितो, आणि तेच मुळाला धरून आहे. तमिळ या शब्दातलं शेवटचं व्यंजन मुळात ऴ आहे, आणि मराठीने त्याचा झ केला नाही, ळ केला. तोच न्याय इथे लावायला काही अडचण नाही. मराठी संपादकांनी आणि पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी कोळिक्कोड, आलप्पुळा, पालक्काड आणि कोट्टयम असं छापायला सुरुवात करावी. आलप्पुळामधला शेवटचा आ मराठी वाचनासाठी ठेवावाच लागेल, पण बाकी प्रत्येक मात्रा मराठी छपाईत आजच, नवीन अक्षर न शिकता, जागेवर बसते.